अर्धं बरोबर म्हणजे नक्की किती बरोबर?

पत्रिकेवरून घरात वाद पेटला की तो कसा विझतो हे पुण्यात कुणाला वेगळं सांगायला नको. एक जण म्हणतो सगळं थोतांड आहे, दुसरी म्हणते आमच्या गुरुजींनी सांगितलेलं तंतोतंत खरं ठरलं, आवाज चढतात, आणि मग कुणीतरी काका नाहीतर आत्या मध्ये पडतात, "अरे, अगदीच खोटं नसेल आणि अगदीच खरंही नसेल, थोडंफार तथ्य असणारच की." सगळे माना डोलावतात, विषय बदलतो. भांडण मिटवायला हे वाक्य एक नंबर आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्यात पत्रिकेबद्दल एक दावा पण आहे, थोडंफार तथ्य आहे असा, आणि तो दावा आला कुठून हे बघा. कुणी पत्रिका तपासल्या नाहीत, कुणी ठोकताळे पडताळले नाहीत. खोलीत दोन माणसं होती आणि त्यांची मतं वेगळी होती, एवढ्याच भांडवलावर तो दावा उभा आहे.

दोन टोकं दिसली की सत्य मध्येच कुठेतरी असणार असं धरून चालायचं, या सवयीबद्दल हा लेख आहे. आणि पत्रिकेचंच उदाहरण घेतोय कारण पुण्यात याच प्रश्नावर एक चांगली टेस्ट झालेली आहे, आणि तिचे आकडे या सवयीला इतके चपखल लागू पडतात की दुसरं उदाहरण शोधायची गरजच नाही.

२००८ साली जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः पूर्वी ज्योतिष पाहिलेले प्रकाश घाटपांडे यांनी मिळून ही टेस्ट केली. कल्पना साधी होती. बरेच ज्योतिषी सांगतात की पत्रिकेवरून माणसाची बुद्धिमत्ता कळते. ठीक आहे, मग २०० मुलांच्या पत्रिका गोळा केल्या, त्यातली १०० शाळेत हुशार म्हणून ओळखली जाणारी आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेली. प्रत्येक पत्रिकेला नंबर, नाव नाही, आणि कुठला नंबर कुठल्या गटातला याची यादी कुंट्यांकडे वेगळी, कुलपात ठेवलेली. जे ज्योतिषी भाग घ्यायला तयार होते त्यांना प्रत्येकी ४० पत्रिका पाठवल्या आणि एवढंच विचारलं की ही पत्रिका हुशार मुलाची का दुसऱ्या गटातल्या मुलाची. म्हणजे आयआयटीला जाईल का, परदेश योग आहे का, असले बारीक प्रश्न नाहीत, दोन अगदी टोकाचे गट आणि त्यातला एक निवडायचा. ज्योतिषाच्या बाजूने बघितलं तर यापेक्षा सोपा पेपर काढणं अवघड आहे.

पन्नासएक जणांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी काढली तर साधारण ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. सगळ्यात चांगला स्कोर होता ४० पैकी २४. एका ज्योतिष संस्थेने सगळ्याच्या सगळ्या २०० पत्रिका बघितल्या, त्यांची १०२ बरोबर आली, म्हणजे ५१ टक्के.

आता इथे थांबा, कारण हे आकडे ऐकल्यावर आपल्या डोक्यात जे होतं तोच खरा विषय आहे. टीकाकार म्हणतात शून्य, ज्योतिषी म्हणतात शंभर, आणि टेस्टमध्ये आलं पन्नासच्या आसपास, मग काका म्हणत होते तेच निघालं की! अर्धं खरं, अर्धं खोटं. शिवाय आपण सगळे दहावीला ३५ ला पास होणाऱ्या बोर्डातून आलेलो, आपल्याला ४६ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास नाही पण पोरगं काही नापास नाही, असंच वाटतं.

पण हा पेपर बोर्डाचा नाही. प्रत्येक प्रश्नाला दोनच पर्याय आहेत, त्यामुळे ज्याला ज्योतिषातलं ओ का ठो कळत नाही, ज्याने पत्रिका उघडूनसुद्धा बघितली नाही आणि नुसतं नाणं उडवून उत्तरं भरली, त्याचेही ४० पैकी साधारण २० बरोबर येणार. म्हणजे या मोजपट्टीवर काहीच माहीत नसणं हे शून्यावर नाही, पन्नासवर येतं. शून्य मार्क मिळवायला तर उलट सगळं माहीत असावं लागेल, म्हणजे मुद्दाम प्रत्येक उत्तर उलटं लिहिता येईल. पन्नास टक्के हा आकडा दिसतो मध्यावर, पण त्याचा अर्थ "अर्धं तथ्य" असा होत नाही, "तथ्य दिसलं नाही" असा होतो.

हे जरा हिशोबाने बघू, अवघड नाहीये. समजा एखाद्याला ४० पैकी काही पत्रिका खरोखर ओळखता येतात आणि उरलेल्या तो ठोकून देतो. ओळखता येणाऱ्या सगळ्या बरोबर येणार आणि ठोकलेल्यातल्या निम्म्या बरोबर येणार. म्हणजे ज्याला खरोखर निम्म्या, २० पत्रिका ओळखता येतात त्याचा स्कोर २० नाही तर ३० यायला पाहिजे, वीस ओळखीच्या आणि उरलेल्या विसातल्या दहा नशिबाच्या. काकांचं "अर्धं तथ्य" खरं असतं तर स्कोर ३० च्या आसपास घुटमळले असते. २७ जणांत एकही तिथपर्यंत पोचला नाही.

मग तो २४ वाला? त्याला थोडं तरी कळत असेल ना? वरच्याच हिशोबाने २४ म्हणजे ८ पत्रिका खऱ्या ओळखल्या आणि बत्तीसातल्या सोळा नशिबाने. पण नशीब काही दरवेळी बरोब्बर निम्मंच देत नाही, ते वरखाली होतं. नुसतं नाणं उडवून ४० पैकी २४ किंवा जास्त बरोबर यायचा चान्स साधारण १३ टक्के आहे. २७ माणसांनी नाणी उडवली तर त्यातले तीन-चार जण २४ ला पोचतील किंवा पुढे जातील, कुणाचंही ज्योतिषाशी काही देणंघेणं नसताना. तेव्हा २७ जणांतला पहिला नंबर २४ वर असणं यात आश्चर्य काहीच नाही, उलट नाणी उडवली असती तर पहिला नंबर बहुतेक २५ चा किंवा त्याहून वरचा आला असता. (सरासरी पन्नासच्या खाली आली म्हणून ज्योतिषी सांगतील त्याच्या उलट करावं असाही निष्कर्ष काढू नका, सगळे साधारण सारखेच नियम लावत असतील तर चुकाही एकाच दिशेला घसरू शकतात.)

आता याच्यावर एक रास्त शंका येते आणि ती मला आवडते, की बाबा एका टेस्टने सगळं ज्योतिष खोटं ठरलं का? नाही ठरलं. या टेस्टमध्ये लग्नाबद्दल विचारलं नव्हतं, नोकरीबद्दल विचारलं नव्हतं, आयुष्यमानाबद्दल तर नाहीच. एवढंच कळलं की पत्रिका बघून बुद्धिमत्ता ओळखता येते हा दावा, हे इतके सोपे दोन गट समोर ठेवूनसुद्धा, टिकला नाही. हा निष्कर्ष मर्यादित आहे. पण मर्यादित निष्कर्ष आणि मधला निष्कर्ष यात लोक फार गल्लत करतात. "एवढाच दावा तपासला आणि तो फसला, बाकीचे तपासलेले नाहीत" हे मर्यादित. "एका टेस्टने काय होतंय, म्हणजे थोडं तथ्य असेलच" हे मधलं, आणि ते पहिल्यावरून निघतच नाही. जे तपासलं नाही त्याबद्दल आपल्याला माहीत नाही, थोडं माहीत आहे असं नाही. ज्यांना तिथे तथ्य आहे असं म्हणायचंय त्यांनी तिथे दाखवावं लागेल, पन्नास टक्क्यांचं आयतं कर्ज या टेस्टवर काढता येणार नाही.

बरं, ही सवय लागते कुठून, तर ती मूर्खपणातून लागत नाही हे आधी सांगतो. रोजच्या जगण्यात मधला आकडा खूपदा खरोखरच योग्य असतो. तुळशीबागेत दुकानदार पर्सचे आठशे सांगतो, तुम्ही चारशे म्हणता आणि सहाशेला ती पर्स घरी येते. इथे सहाशे ही तडजोड आहे आणि तीच किंमत पण आहे, कारण त्या पर्सची अशी कुठली खरी किंमत कुठे लपवून ठेवलेली नसते जी तुम्हाला दोघांनाही शोधायची आहे. तुम्ही दोघं मिळून ती ठरवताय. भावाभावांच्या वाटण्या, सोसायटीत पाणी किती वाजता सोडायचं, सासरी दिवाळी का माहेरी, या सगळ्यात प्रश्न असतो कुणाला काय हवंय, आणि हवं-नको वाटून घेता येतं. गडबड होते ती तीच रीत उचलून "काय आहे" या प्रश्नाला लावली की. ते मूल हुशारांच्या गटातलं आहे का नाही हे ज्योतिषी आणि नारळीकर यांनी समोरासमोर बसून ठरवण्यासारखं नव्हतंच, ते कुंट्यांच्या कुलपात आधीच ठरलेलं होतं.

मधला आकडा पुरावा नसतो याचं अजून एक कारण आहे, आणि ते जास्त त्रासदायक आहे. मध्य हा टोकांवर अवलंबून असतो आणि टोक कुठे ठेवायचं हे माणसाच्या हातात असतं. आज एक जण म्हणाला पत्रिकेने नव्वद टक्के कळतं आणि दुसरा म्हणाला काहीच कळत नाही, तर मध्य पंचेचाळीस. उद्या पहिल्याने मत बदलून पन्नास टक्के केलं तर मध्य पंचवीस. ग्रह तेच, पत्रिका त्याच, मुलं तीच, आणि काकांचं "तथ्य" मात्र पंचेचाळीसवरून पंचवीसवर आलं. जो जास्त ताणून बोलतो त्याला मध्य काढणारा माणूस बक्षीस देतो आणि जो आधीपासून जपून बोलत होता त्याचं नुकसान करतो.

ही गोष्ट लवादाच्या धंद्यातल्या लोकांनी फार आधी ओळखली. पगारावरून कामगार आणि मालक भांडतात, प्रकरण लवादाकडे जातं, लवाद दोघांचे आकडे बघून मधला देतो. एकदा हे लक्षात आलं की दोघेही पुढच्या वेळी आकडा फुगवून किंवा दाबून आणणारच, कारण मध्य आपल्याकडे ओढायचा तोच उपाय. यावर कार्ल स्टीव्हन्स नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६६ मध्ये तोडगा सुचवला की लवादाला मधला आकडा द्यायचा अधिकारच ठेवू नका, दोघांच्या शेवटच्या आकड्यांपैकी जास्त वाजवी वाटेल तो एक जसाच्या तसा उचलायचा. आता ताणणारा घाबरतो, कारण फार ताणलं तर समोरच्याचाच आकडा लागू होणार. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये खेळाडूंच्या पगाराचे वाद १९७४ पासून याच पद्धतीने सुटतात. तिथे प्रश्न पगाराचा, म्हणजे तडजोडीचाच आहे, आणि तिथेसुद्धा मधला आकडा लोकांना खोटं बोलायला शिकवतो म्हणून बाजूला ठेवावा लागला. जिथे प्रश्न सत्याचा आहे तिथे त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच बघा.

इथे कुणीतरी हमखास विचारतं की मग सरासरी काढणं चूक कसं, शाळेत तर शिकवतात की जास्त मापं घेऊन सरासरी काढा. बरोबर शिकवतात. १९०६ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथच्या जत्रेत एका बैलाचं मांस किती भरेल यावर पैज लागली होती, फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने नंतर त्या चिठ्ठ्या मिळवल्या, वाचता येण्यासारख्या ७८७ निघाल्या, त्या चढत्या क्रमाने लावून बरोब्बर मधली बघितली तर १२०७ पौंड, आणि प्रत्यक्षात भरलं ११९८. मधला आकडा जवळजवळ डोळ्यावर लागला! पण तिथली परिस्थिती बघा. शेकडो लोक, प्रत्येकाने बैल स्वतः बघितलेला, प्रत्येकाने पैसे देऊन चिठ्ठी घेतलेली त्यामुळे आकडा बरोबर यावा हीच इच्छा, कुणी जास्तीकडे चुकलेलं कुणी कमीकडे, आणि चुका एकमेकांना खाऊन टाकतात. पत्रिकेच्या वादात यातलं काय आहे? दोन माणसं, दोघांची भूमिका आधीपासून ठरलेली, आणि चुका दोन्ही बाजूंना सारख्या पडल्यात असं मानायला काही कारण नाही. गाल्टनच्या चिठ्ठ्या ही मापं होती, घरातली दोन मतं ही मापं नाहीत.

आणि कधीकधी मधला पर्याय खराही असू शकतो, तसं म्हणायला माझी काहीच ना नाही, फक्त तो मध्ये आहे म्हणून खरा नसतो. त्याला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेचं उदाहरण यासाठी मला फार योग्य वाटतं. पृथ्वी मध्यभागी असं जुनं मत, सूर्य मध्यभागी असं कोपर्निकसचं मत, आणि १५८८ मध्ये ब्राहेने छापलं ते या दोघांच्या मधलं, म्हणजे बाकीचे ग्रह सूर्याभोवती फिरतात आणि सूर्य सगळ्यांना घेऊन पृथ्वीभोवती फिरतो. दिसायला पक्की तडजोड. पण ब्राहे काही भांडण मिटवत नव्हता. पृथ्वी फिरत असेल तर वर्षभरात तारे किंचित सरकलेले दिसायला हवेत, त्याने त्या काळातली सगळ्यात बारीक निरीक्षणं केली आणि त्याला ते दिसलं नाही, हा त्याचा पुरावा होता. नंतर दुर्बिणीतून शुक्राच्या कला दिसल्या तेव्हा जुनं मत पडलं, पण ब्राहेचं टिकलं, कारण त्या कला त्याच्या मांडणीतही तशाच दिसतात. ते पडलं शेवटी पुराव्यानेच, आधी ब्रॅडलीने १७२८-२९ च्या सुमारास पृथ्वीच्या गतीमुळे ताऱ्यांच्या जागेत पडणारा फरक पकडला आणि मग बेसेलने १८३८ मध्ये एका ताऱ्याचं ते सरकणं मोजूनच दाखवलं. म्हणजे मधलं मत उभं राहिलं पुराव्यावर आणि गेलंही पुराव्यावर, मध्ये असण्याचा त्याला ना फायदा झाला ना तोटा.

म्हणून कुणी "थोडं तथ्य आहे" म्हटलं की मी आता एकच विचारतो, थोडं म्हणजे किती, आणि तेवढं असेल तर काय दिसायला पाहिजे? विचारायला जरा आगाऊपणाचं वाटतं पण वाद लगेच कामाला लागतो. पुण्याच्या टेस्टवर घेता येण्यासारखा एक चांगला आक्षेप बघा, की जन्मवेळा चुकीच्या असतील. हा आक्षेप "टेस्टमध्येही थोडं चुकलंच असणार" असा मोघम नाहीये. जन्मवेळा खरंच बऱ्याच चुकल्या असतील तर ज्याला विद्या येते त्याचाही स्कोर घसरून पन्नासकडे येईल, म्हणजे आक्षेपाला दिशा आहे आणि उपायही आहे. ज्यांची वेळ हॉस्पिटलच्या नोंदीतून मिळते अशीच मुलं घ्या आणि पुन्हा करा. स्कोर वर गेला तर आक्षेप खरा होता, नाही गेला तर नव्हता. "टाळी एका हाताने वाजत नाही" छापाच्या वाक्यातून असं काहीच तपासायला मिळत नाही, दोघांना सारखं दटावल्याचं समाधान तेवढं मिळतं.

आणि गंमत म्हणजे अशा टेस्टमध्ये तडजोडीला भरपूर जागा असते, पण ती टेस्टच्या आधी. किती पत्रिका द्यायच्या, जन्मवेळ कुठली मान्य करायची, किती दिवस द्यायचे, आणि मुख्य म्हणजे पास कितीला. २००८ च्या टेस्टमध्ये ४० पैकी २८ बरोबर आले तर ते दखल घेण्यासारखं मानायचं ठरलेलं होतं. उद्या दोन्ही बाजू परत बसल्या आणि ज्योतिषी म्हणाले २८ फार होतात, २६ करा, तर त्यावर खुशाल घासाघीस करावी. २६ किंवा जास्त नुसत्या नशिबाने यायचा चान्स ४ टक्के आहे, म्हणजे २७ जण बसले तर काहीच न येणारा एखादा जण पास होऊन जाणार आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो. २८ ठेवले तर तोच चान्स एक टक्क्याच्याही खाली येतो, म्हणून मी २८ वरच अडून बसेन. फारच ताणलं आणि कुणी म्हणालं की जाऊ दे, २७ वर मिटवून टाका, तर त्यालाही माझी हरकत नाही, चान्स दोन टक्क्यांच्या आसपास येतो, चालण्यासारखा आहे, फक्त ते पत्रिकांची पाकिटं पोस्टात पडायच्या आधी ठरलं पाहिजे.